सुशीतील कच्चा मासा आणि अ‍ॅनिसाकिस

प्रश्न: सुशीतल्या कच्च्या माशातून पोटात जंत जातात का? मासा फ्रीझरमध्ये ठेवला की धोका जातो का?

उत्तर: धोका खरा आहे. त्याचे मुख्य कारण अ‍ॅनिसाकिस हा समुद्री माशांतील कृमी असून बांगड्याच्या कुळातील जपानी ‘साबा’ हा मासा अशा माशांचे ठळक उदाहरण आहे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, पांढऱ्या दोऱ्यासारख्या त्याच्या अळ्या माशाच्या आतड्यांभोवती असतात आणि मासा मेल्यावर मांसात शिरू शकतात. म्हणून आतडी लगेच काढणे महत्त्वाचे. जिवंत अळी पोटात गेल्यास बहुधा काही तासांतच जठरात तीव्र कळा येतात आणि डॉक्टर दुर्बिणीने ती काढतात. साबा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवतात, पण त्याने किंवा वासाबीने अळी मरते हा समज चुकीचा आहे.

अतिशीत गोठवणीत अळीच्या शरीरातील पाण्याचे बर्फ होऊन तिच्या पेशी फुटतात. जपान आणि युरोपात उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास गोठवण्यास सांगतात, तर अमेरिकेचे मार्गदर्शन त्याच तापमानाला सात दिवसांचे आहे. हे तापमान माशाच्या मधल्या भागापर्यंत पोहोचावे लागते, आणि घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा व संथ असल्याने त्यावर मी विसंबणार नाही. गोठवणीने सर्व जिवाणू मरत नाहीत. शिवाय अ‍ॅनिसाकिसची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेलेली अळीही बाधू शकते.