कंपोझिट की मिक्स्ड: लग्नाच्या पॅकेजवर जीएसटी कसा ठरतो

प्रश्न: आमचे छोटे रेस्टॉरंट आहे आणि आम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेतो. हॉल, जेवण, डेकोरेशन, फोटो असे सगळे मिळून एकच पॅकेज दिले, तर ५ टक्के जीएसटी लावायचा की १८ टक्के? कंपोझिट आणि मिक्स्ड यात नेमका फरक काय?

उत्तर:

मी गेली काही वर्षे हॉटेल, खानावळ आणि केटरिंगवाल्यांची जीएसटीची कामे पाहतो. या व्यवसायात सर्वांत महाग पडणारी चूक नेमकी याच ठिकाणी होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी एक खुलासा करतो, कारण बोलताना दोन शब्दांची नेहमी सरमिसळ होते. ‘कंपोझिशन’ ही लहान व्यावसायिकांसाठीची योजना आहे आणि ‘कंपोझिट सप्लाय’ हा पुरवठ्याचा प्रकार आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तुम्ही नियमित नोंदणीत आहात, असे धरून पुढे लिहितो.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २(३०) मध्ये कंपोझिट सप्लायची आणि कलम २(७४) मध्ये मिक्स्ड सप्लायची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक करपात्र गोष्टी व्यवसायाच्या रोजच्या रीतीत मुळातच एकत्र दिल्या जात असतील आणि त्यांतली एक मुख्य, बाकीच्या तिच्या सोबतीच्या असतील, तर तो कंपोझिट. कलम ८ प्रमाणे अशा वेळी संपूर्ण रकमेला मुख्य गोष्टीचा दर लागतो. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या, सुट्या सुट्याही विकता येतील अशा गोष्टी एकत्र बांधून त्यांची एकच किंमत घेतली, तर तो मिक्स्ड, आणि तेव्हा त्या गाठोड्यातल्या सर्वांत चढ्या दराच्या वस्तूचा दर संपूर्ण रकमेला लागतो.

या दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या, की एक महत्त्वाचा फरक दिसतो. ‘एकच किंमत’ ही अट फक्त मिक्स्डच्या व्याख्येत आहे, कंपोझिटच्या नाही. म्हणून जो पुरवठा स्वभावतःच कंपोझिट आहे, त्याचे बिलात चार ओळींत तुकडे केले तरी तो कंपोझिटच राहतो. आणि ज्या गोष्टी मुळात वेगळ्या आहेत, त्यांची किंमत खरोखर वेगळी ठरवली आणि वेगळी दाखवली, तर मिक्स्ड सप्लाय तयारच होत नाही, प्रत्येकीला आपापला दर लागतो. बिल कसे फाडायचे हा प्रश्न त्यामुळे दुसरा आहे. या गोष्टींचे एकमेकींशी नाते काय, हा पहिला.

एका शीतपेयाच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. तुमच्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकाने थाळीबरोबर बाटली मागवली, तर टेबलावर आलेले जेवण, पेय, वाढप आणि बसण्याची सोय हा सगळा एकच पुरवठा आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील परिच्छेद ६(ब) प्रमाणे तो सेवा म्हणून धरला जातो आणि त्यावर ५ टक्के कर लागतो. पार्सलचा डबा आणि पॅकिंग चार्ज यांनाही मुख्य पुरवठ्याचाच, म्हणजे ५ टक्के दर लागतो, कारण डब्याशिवाय भाजी घरी नेता येत नाही. आता तीच बाटली दिवाळीच्या फराळाच्या भेटपेटीत ठेवा. पेटीची किंमत १,००० रुपये; तिच्यात चिवडा, शेव, लाडू मिळून ९०० रुपयांचे आणि बाटली १०० रुपयांची. फराळाच्या जिनसांचा दर ५ टक्के आहे, पण गॅसयुक्त गोड पेयावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. लाडवाबरोबर थंड पेय देण्याची व्यवसायात काही रीत नाही, म्हणून ही पेटी मिक्स्ड ठरते आणि १,००० रुपयांवर ४०० रुपये कर होतो. दोन्ही जिन्नस वेगळ्या किमतीला विकले असते, तर ४५ अधिक ४०, म्हणजे ८५ रुपयांत काम झाले असते. त्यामुळे अशा पेटीत बाटली घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या लग्नाच्या ऑर्डरीकडे वळतो. लग्न, मुंज, परिषद अशा प्रसंगापुरत्या दिलेल्या जेवणाला दरपत्रकात आउटडोअर केटरिंग म्हटले आहे आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट न घेता ५ टक्के दर आहे. त्याच दरपत्रकात केटरिंग आणि जागेचे भाडे मिळून होणाऱ्या कंपोझिट सप्लायचाही स्पष्ट उल्लेख असून त्यालाही क्रेडिटशिवाय ५ टक्केच दर आहे. जागेत हॉल, क्लब, मांडव, शामियाना हे सगळे येते. अपवाद मोठ्या हॉटेलांचा. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आकारले गेले, किंवा ज्याने स्वतःहून तसे घोषित केले, तिथे जेवणावर आणि अशा जोड पुरवठ्यावर क्रेडिटसह १८ टक्के लागतात. तुम्ही अशा हॉटेलच्या आवारात काम घेत असाल, तर पुढचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. आकडे सोपे करून देतो. एका केटररने ४०० ताटांचे, ६०० रुपये दराने, म्हणजे २,४०,००० रुपयांचे जेवण, ६०,००० रुपयांत हॉल आणि ८०,००० रुपयांत स्टेजची फुलांची सजावट, डीजे व फोटोग्राफी असे काम घेतले. गिऱ्हाइकाला मात्र ‘संपूर्ण विवाह पॅकेज, ३,८०,००० रुपये’ असे एका ओळीचे कोटेशन दिले आणि बिलही तसेच काढून ५ टक्के लावले. हिशेब असा की, मुख्य गोष्ट जेवण आहे, बाकी सगळे तिच्या मागे येते.

जेवण आणि हॉलपुरते ते बरोबर आहे. पण फोटोग्राफी जेवणाच्या मागे येते असे कोणाला पटवता येईल? कसोटी अशी लावावी: आपल्या भागातले बहुतेक केटरर ही गोष्ट जेवणाबरोबर देतातच का, गिऱ्हाईक ती गृहीत धरते का, आणि ती काढून टाकली तर जेवणाच्या कामात काही उणे राहते का? टेबल, खुर्च्या, चादरी, भांडी, वाढपी आणि हात धुण्याची सोय या कसोटीला सहज उतरतात. त्या केटरिंगचाच भाग आहेत. मांडवाचा साधा पडदा आणि दिवेही जागेच्या सोयीत बसतात, असे मी मानतो. डीजे आणि फोटोग्राफर मात्र लोक आपापल्या ओळखीने वेगळे ठरवतात, आणि त्यांच्यावाचून पंगत अडत नाही.

म्हणजे पॅकेजमध्ये मुळात वेगळ्या गोष्टी होत्या आणि किंमत एकच होती, म्हणून ते मिक्स्ड झाले. सजावट, डीजे आणि फोटोग्राफीचा दर १८ टक्के, तोच सगळ्या ३,८०,००० रुपयांना लागला आणि कर ६८,४०० रुपये झाला. तपासणीत हे निघाले तेव्हा केटररने फक्त १९,००० रुपये भरलेले होते. गिऱ्हाईक लग्न उरकून मोकळे झाले होते, त्यामुळे फरकाचे ४९,४०० रुपये आणि त्यावरचे व्याज केटररच्या खिशातून गेले. हे कार्यक्रम-व्यवस्थापनाचे एकत्रित काम आहे, असे म्हणून बचाव करण्याचा विचार आम्ही केला होता, पण त्या सेवेचाही दर १८ टक्केच असल्याने हाती काही लागणार नव्हते.

हेच काम सुरुवातीपासून दोन भागांत ठरवले असते, तर जेवण व हॉल मिळून ३,००,००० रुपयांवर ५ टक्क्यांनी १५,००० आणि उरलेल्या ८०,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी १४,४००, म्हणजे एकूण २९,४०० रुपये कर झाला असता. शिवाय १८ टक्क्यांच्या भागासाठी डेकोरेटर आणि फोटोग्राफर यांनी लावलेल्या कराचे क्रेडिट केटररला घेता आले असते. जेवणाच्या भागाचे क्रेडिट मिळत नाही, आणि दोन्हीकडे वापरलेल्या खर्चाचे क्रेडिट त्या प्रमाणात सोडावे लागते.

इथेच हॉलची एक छुपी बाजू आहे. हॉल दुसऱ्याचा असेल आणि तुम्ही तो भाड्याने घेऊन जेवणाबरोबर देत असाल, तर हॉलमालक तुम्हाला १८ टक्के लावेल आणि त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. ५०,००० रुपयांच्या हॉलचा तुम्हाला पडलेला खर्च ५९,००० रुपये धरूनच गिऱ्हाइकाला दर सांगावा. हॉलमालकाने गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार केला, तर तो तुमच्या पुरवठ्याचा भागच नाही. तो त्याचे १८ टक्के गिऱ्हाइकाकडूनच घेईल.

दारू पॅकेजमध्ये घालूच नका. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि कंपोझिटच्या व्याख्येत फक्त करपात्र गोष्टी बसतात, म्हणून तिचे बिल वेगळे आणि तिच्यावर राज्याचा व्हॅट, हाच सरळ मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. फक्त बिलात दोन ओळी करून भागत नाही, कारण अधिकारी आधी कोटेशन आणि ॲडव्हान्सची पावती मागतात. तिथे एकच आकडा असेल, तर बिलातले तुकडे मागाहून केलेले दिसतात. म्हणून कोटेशनमध्येच जेवण व हॉल यांचा एक दर आणि सजावट, डीजे, फोटो यांचे प्रत्येकी वेगळे दर लिहा. गिऱ्हाइकाला त्यांतली एखादी गोष्ट नको असेल, तर तेवढी रक्कम खरोखर कमी होईल असे ठेवा. वेगळेपण खरे आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. किमतीही बाजाराला धरून असू द्या. ८०,००० रुपयांचे काम १०,००० रुपयांना दाखवून बाकीचे जेवणात ढकलले, तर तो प्रश्न दराचा न राहता करचुकवेगिरीचा होतो.

सेवेच्या ॲडव्हान्सवरही कर लागतो, हे अनेक जण विसरतात. हळदीकुंकवाच्या दिवशी ५०,००० रुपये हातात आले आणि ते कशापोटी आहेत हे पावतीवर लिहिले नाही, तर दर ठरवता येत नाही म्हणून नियम ५० प्रमाणे त्यावर १८ टक्केच धरावे लागतात. त्यामुळे पावतीवरच ‘जेवण व हॉलपोटी’ किंवा ‘सजावटीपोटी’ असे लिहून घ्या. या हंगामातल्या ज्या ऑर्डरींचे कोटेशन एका आकड्यात गेले आहे पण बिल अजून काढलेले नाही, त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाची सही घेऊन सुधारित कोटेशन आताच करून ठेवा, आणि ते कार्याच्या तारखेआधीचे असू द्या.