पंप बंद करण्याआधीचे दोन तास

आयसीयूत नवीन आहेस, म्हणून सांगते: इन्सुलिनचा पंप बंद करताना घाई करू नकोस. शिरेतून दिलेल्या इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो. त्वचेखालच्या ग्लार्जिनला मात्र कामाला लागायला दोनेक तास लागतात. इंजेक्शन दिल्या दिल्या पंप काढला, तर मधल्या वेळात अंगात पुरेसं इन्सुलिनच नसतं आणि डीकेएच्या पेशंटला पुन्हा कीटोन चढू शकतात.

समजा, पेशंट जेवू लागलाय, शुगर 140 ते 180 मध्ये आहे आणि रात्रभर उपाशी असताना पंप ताशी दीड युनिटवर स्थिर होता. दिवसाचे 36 झाले. डॉक्टर साधारण त्याचे 80 टक्के, म्हणजे 29 धरतात. निम्मं ग्लार्जिन, उरलेलं जेवणांआधी विभागून. सकाळी 10 वाजता 14 युनिट ग्लार्जिन दिलंस, तर पंप 12 पर्यंत चालू ठेव. ऑर्डरमध्ये पंप बंद करायची वेळ लिहिलेली नसेल तर विचारून घे.

त्या दोन तासांत दोन्ही इन्सुलिन चालू असतात, म्हणून दर तासाची तपासणी चुकवू नकोस. डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नकोस, शुगर खोटी जास्त दिसते. बीपी खूप कमी असेल तर बोटाच्या रक्तावरही विसंबू नकोस, आर्टेरियल लाइनमधून नमुना घे. शुगर 70 च्या खाली आली तर पंप थांबव, प्रोटोकॉलप्रमाणे डेक्स्ट्रोज दे, डॉक्टरांना कळव आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपास.