पेट्रोल डब्यात नेणे आणि हेल्मेटचा नियम (इंदूर)

प्रश्न : आमचं मंडळ रामबागेकडे आहे. गणपतीत लाइट गेली तर भाड्याचा छोटा पेट्रोल जनरेटर लागतो, म्हणून वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेलो, तर सरळ नाही म्हणाले. घरात ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला लायसन्स लागत नाही असं वाचलंय, मग पंपवाला अडवतो कसा? मागे एकदा हेल्मेट नव्हतं म्हणूनही परत पाठवलं होतं. हे सगळे नियम नक्की काय आहेत? जाणकारांनी सांगावं.

उत्तर : इंदुरातल्याच एका पंपावर मॅनेजरकी करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तुमच्यासारख्यांना ‘नाही’ म्हणणारा बहुतेक वेळा मीच असायचो. ३० लिटरचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे, फक्त अर्धंच वाचलंत.

ती सवलत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ मधली. पेट्रोल विकण्यासाठी नसेल आणि एकूण ३० लिटरच्या वर नसेल तर जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही. पण त्याच कलमात पुढे भांड्याची अट आहे. भांडं काचेचं, चिनीमातीच्या जातीचं किंवा धातूचं हवं आणि त्याचं तोंड पक्कं बंद होणारं हवं. काच किंवा चिनीमाती असेल तर एका भांड्यात एक लिटरच्या वर नाही, धातूचं असेल तर २५ लिटरच्या वर नाही. या यादीत प्लास्टिक कुठेच नाही. म्हणजे गाडी बंद पडल्यावर आपण जी पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर जातो, तिच्यात अर्धा लिटर पेट्रोल असलं तरी ती या सवलतीत बसत नाही. तुमचा वीस लिटरचा कॅन तर नाहीच नाही. शिवाय पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे पेट्रोलचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं असेल तर ते मंजूर प्रकारचं असावं लागतं. तेलाचा रिकामा डबा धुऊन आणला आणि तो पत्र्याचा आहे, एवढ्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात. ही सवलत तुमच्या बाळगण्याला आहे. पंपानं तुम्हाला डब्यात भरून दिलंच पाहिजे असं ती कुठेही म्हणत नाही. पंप चालतो तो पेसोच्या लायसन्सवर. स्फोटकं आणि पेट्रोलियम यांच्या सुरक्षेचं हे केंद्र सरकारचं खातं, मुख्यालय आपल्या नागपुरात. त्या लायसन्सच्या अटी असतात, वर तेल कंपनीच्या सूचना असतात आणि कलेक्टर कचेरीचे आदेश असतात. तपासणीला कोणी आलं आणि मशीनजवळ प्लास्टिकचा कॅन भरताना दिसला तर तुम्ही घरी निघून जाता, लायसन्सवर बालंट येतं ते डीलरच्या. म्हणून नोझल धरणाऱ्या पोऱ्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. डबा मंजूर प्रकारचा असेल तर आधी मॅनेजरला दाखवा, कशासाठी हवंय ते सांगा, ओळखपत्र द्या. तरीही तो नाही म्हणू शकतो.

आता प्लास्टिकला एवढा विरोध का, ते सांगतो, कारण ‘आमच्या गावाकडे तर देतात’ हा वाद इथूनच सुरू होतो. पेट्रोल पाइपातून जोरात वाहतं तेव्हा त्याच्यात स्थिर विद्युतभार साचतो. गाडीच्या टाकीत तो धातूतून निघून जातो. जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या डब्यातूनही तो जमिनीत उतरतो. प्लास्टिकमधून त्याला वाट नसते. तो साचतो आणि नोझल कॅनच्या तोंडाजवळ हलली की एखादी ठिणगी पडू शकते. नेमकी त्याच जागी हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण असतं. हवेत वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेट घेते, आणि भरत्या डब्याच्या तोंडाशी हे प्रमाण सहज जमून येतं. पेट्रोलला त्यासाठी गरम व्हावं लागत नाही, शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपासही त्याची पेटण्याइतकी वाफ निघते.

देपालपूर, सांवेरकडचे शेतकरी कॅनमध्ये नेतात ते बहुतेक डिझेल असतं, आणि डिझेल वेगळ्या वर्गात मोडतं. पेट्रोल ‘अ’ वर्गात, डिझेल ‘ब’ वर्गात. ‘ब’ वर्गाची सूट खूप मोठी आहे, एका जागी २५०० लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही, फक्त एकेक भांडं १००० लिटरच्या वर नको. ट्रॅक्टरवाल्याला मिळालं म्हणून स्कूटरवाल्याला मिळेल, हा हिशेब इथे लागू होत नाही.

आता तुमच्या मंडळाचं बघू. मुळात वीस लिटर हवंय का? दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर तासाला साधारण एक लिटर पितो, लोड जास्त असेल तर थोडं अधिक. संध्याकाळच्या आरतीपासून रात्रीपर्यंत चार तास लाइट गेली असं अगदी वाईटात वाईट धरलं, तरी चार-पाच लिटर झाले. एवढं तर बहुतेक मशीनच्या स्वतःच्या टाकीत मावतं. म्हणजे सकाळी टाकी भरलेली असली की रोजची गरज भागली, वर पाच लिटरचा एक धातूचा डबा राखीव पुरे. विसर्जनाच्या दिवशी मोठी रोषणाई असेल तर सरळ मंडपवाल्याकडून डिझेलचा जनरेटर घ्या. त्याच्या टाकीत तेल तोच भरून आणतो, तुमच्या डोक्यावरची जबाबदारी जाते. मी असतो तर हेच केलं असतं.

तरीही डबा भरायचाच ठरला आणि पंपवाला तयार झाला, तर त्याचीही रीत आहे. डबा जमिनीवर ठेवायचा. स्कूटरच्या फूटबोर्डवर नाही, कारच्या डिकीत नाही, रिक्षाच्या सीटवरही नाही. डिकीतलं कार्पेट आणि रबराची मॅट भाराची वाट अडवतात, त्यामुळे डबा धातूचा असूनही प्लास्टिकसारखाच वागतो. नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून धरायची आणि हळू भरायचं. काठोकाठ तर कधीच नाही. नियम म्हणतो की पेट्रोलच्या भांड्यात किमान पाच टक्के जागा रिकामी हवी, म्हणजे वीस लिटरच्या डब्यात एकोणीसच. ही जागा कशाला, ते हिशेबानं बघा. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी पंचवीस अंशाला भरलेले एकोणीस लिटर उन्हात उभ्या गाडीत पंचेचाळीसला गेले तर वीस अंशांत सुमारे चारशे मिलिलिटर वाढतात. डबा पूर्ण भरलेला असेल तर ते झाकणातूनच बाहेर येणार. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा डब्याच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर आत दाब आहे असं समजा. अशा वेळी झाकण थोडं सैल करून थांबायचं, एकदम उघडायचं नाही. गाडीत वास आला तर काचा उघडा आणि गाडी थांबवून गळती शोधा. बसमध्ये किंवा सिटी व्हॅनमध्ये असा डबा नेऊ नका. रेल्वेत तर तो सरळ गुन्हा आहे, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मोटरसायकल पार्सलनं पाठवताना टाकी रिकामी करायला लावतात तेही म्हणूनच.

मंडपात माझी सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता पाण्यासारखी जमिनीवरून पसरते. डबा पडद्यामागे ठेवला, जरा गळाला, आणि पडद्यापुढे समई तेवतेय, तर मधलं अंतर किती आहे हे वाफेला कळत नाही. म्हणून जनरेटर आणि डबा मंडपाबाहेर, वारा मंडपाकडून जिकडे जातो त्या बाजूला ठेवा. तेल भरताना मशीन बंद करून निवू द्या. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. कोरड्या पावडरचा सिलिंडर आणि वाळूच्या दोन बादल्या तयार ठेवा. उरलेलं पेट्रोल पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचंही नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. तेव्हा कोणाच्या तरी गाडीत ओतून संपवा.

हेल्मेटचं थोडक्यात. इंदुरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ हे १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, कलेक्टरच्या आदेशानं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. तो आदेश २९ सप्टेंबरपर्यंतचा होता. ही मुदत अशीच पडलेली नाही. कलम १६३ चा आदेश मुळात दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, पुढे वाढवायचा तर राज्य सरकार लागतं. म्हणून असा आदेश येतो, संपतो, पुन्हा येऊ शकतो. तुम्हाला परत पाठवलं त्या दिवशी आदेश चालू होता की नाही, हे तारखेवरून कळेल. वैद्यकीय तातडीला त्यात सूट होती. मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते आणि ती पंपावरही होऊ शकते. दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेणाऱ्याचा व्हिडिओ तेव्हा आपल्या गावात खूप फिरला. हसायला ठीक, पण त्या पंपावर प्रशासनानं कारवाई केली.

आदेश संपला म्हणून हेल्मेटची सक्ती संपत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ बारा महिने लागू आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तींना तेवढी सूट आहे. फरक इतकाच की ते बघायचं काम पोलिसांचं, आणि आदेश असतो तेव्हा ते पंपवाल्याच्याही गळ्यात पडतं.

राहिलं गाडी रस्त्यात बंद पडल्याचं. तिथे सगळ्यांची अडचण खरी असते, पण बाटलीच्या मागे लागण्यापेक्षा गाडी ढकलत पंपावर नेणं सोपं पडतं. पंप लांब असेल तर मित्राच्या गाडीतून तेल काढायला हातपंपाची नळी मिळते, ती वापरा. तोंडानं ओढू नका. एक घोट जरी फुप्फुसात गेला तरी न्यूमोनियासारखा त्रास होतो. चुकून गिळलंच तर उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.