ताणात बाबांवर फोनवर ओरडलो, आता माफी कशी मागू?

प्रश्न: मी बेंगळुरात, बाबा बेळगावजवळच्या खानापूरला. जमिनीच्या उताऱ्यातलं कन्नड विचारायला त्यांनी फोन केला, मी खेकसलो "कितीदा सांगू, समजत नाही का". सॉरीचा मेसेज टाकू?

उत्तर: मेसेज नको, फोनच कर, आणि ते जेवून निवांत बसले असतील तेव्हा कर. नुसतं सॉरी नको, जे बोललास तेच नाव घेऊन सांग, "बाबा, समजत नाही का म्हणालो ते चुकलं माझं." ऑफिसचं टेन्शन त्यात घालू नकोस, नाहीतर तेच तुझी समजूत काढत बसतात. मग लगेच उताऱ्याचा फोटो मागव आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखव, कारण अडलेलं काम तेच होतं ना. ते "असू दे रे" म्हणतीलच, पण पुढचा कागद घेऊन शेजाऱ्याकडे गेले तर समजून जा, ते बोलणं अजून त्यांच्या मनात आहे.