ईसॉपचं पत्रक: कलमाचं उदाहरण नको, खिशाचा हिशोब द्या

*प्रश्न: आमची रत्नागिरीजवळ एमआयडीसीत कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली नाही. यंदा पहिल्यांदाच जुन्या लोकांना स्टॉक ऑप्शन, म्हणजे ईसॉप, दिलेत. बहुतेकांनी आयुष्यात शेअर घेतलेला नाही. वेस्टिंग आणि एक्सरसाइज समजावणारं दोन पानी पत्रक करायचं माझ्याकडे आलंय. हापूसच्या कलमाचं उदाहरण घेऊन लिहावं म्हणते: लावल्यावर काही वर्षांनी धरतं, तसं. अजून काय घालू?*

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम उघडली, म्हणून लांबलचक लिहितोय. मी सीए नाही. अशा योजनेत माझे पैसे अडकले होते, तेव्हापासून हा विषय सोडलेला नाही, एवढंच.

कलमाचं उदाहरण कृपा करून काढा. कलम आपोआप धरतं. ऑप्शन आपोआप शेअर होत नाही. वेस्टिंगच्या तारखेला माणसाला फक्त ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क मिळतो. शेअर मिळायला त्याने फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, यालाच एक्सरसाइज म्हणतात, मगच कंपनी शेअर देणार. तोवर लाभांश नाही, मत नाही, तारण ठेवून कर्जही काढता येत नाही. उदाहरणामुळे लोक ‘चार वर्षांनी आपलं होणारच’ म्हणून निवांत बसतात. मुदत संपली की हक्कही संपतो.

ऑप्शन दिल्याच्या दिवसापासून, म्हणजे ग्रँटपासून, वेस्टिंगपर्यंत किमान एक वर्ष, नोकरी सोडली की न वेस्ट झालेले गेले, नोकरीत असताना मृत्यू झाला तर सगळे त्याच दिवशी वारसांच्या नावे वेस्ट, हे तुम्ही घालालच. मी बोलणार आहे ते एक्सरसाइजच्या दिवशी खिशातून जाणाऱ्या पैशांबद्दल, कारण माझ्या पत्रकात त्यावर एकच ओळ होती: ‘लागू असलेला कर कापला जाईल.’

एक हिशोब मांडतो. तुमच्या कंपनीतल्या एखाद्या सिनियरला १,२०० ऑप्शन मिळाले, चार वर्षांत दरवर्षी ३००, एक्सरसाइज किंमत ५० रुपये. दोन वर्षांनी ६०० वेस्ट झाले. मर्चंट बँकरने शेअरची किंमत ३१० काढली. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत करासाठी हीच किंमत धरतात, आणि ते मूल्यांकन एक्सरसाइजच्या दिवशी १८० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. तो भरणार ६०० गुणिले ५०, म्हणजे ३०,००० रुपये. लोकांच्या डोक्यात एवढाच आकडा असतो.

पण प्रत्येक शेअरमागे २६० रुपयांचा फायदा, म्हणजे एकूण १,५६,०००, त्याच्या पगारात मिळवला जातो. शेअर विकला नसला तरी. समजा पगार वर्षाला १२ लाख, बाकी उत्पन्न नाही, आणि २०२५-२६ ची नवी करपद्धती. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ११.२५ लाख उरतात, म्हणजे १२ लाखांच्या आत, सवलतीमुळे कर शून्य. ऑप्शनचा फायदा मिळवला की १२.८१ लाख होतात, सवलत जाते, आणि उपकरासह कर होतो ७५,०३६. म्हणजे ३०,००० घेऊन आलेल्या माणसाला १,०५,०३६ मोजावे लागतात. शेअर विकून भरीन म्हणावं, तर घ्यायला गिऱ्हाईक नाही.

आता तोच माणूस ३०० मार्चअखेरच्या आत आणि ३०० एप्रिलमध्ये एक्सरसाइज करतो असं धरा. दर वर्षी फायदा ७८,०००, करपात्र उत्पन्न १२.०३ लाख. मर्यादेच्या जरा वर गेलेल्यांना सीमांत सवलत मिळते: कर वरच्या ३,००० पेक्षा जास्त लागत नाही. उपकर धरून ३,१२०, दोन वर्षांचे ६,२४०. त्याच शेअरवर जवळजवळ ६९,००० वाचले. अर्थात पगार, दर आणि मूल्यांकन तेच राहिलं तर. एप्रिलपर्यंत नवं मूल्यांकन वर गेलं तर हिशोब बदलेल, आणि पगार १८-२० लाख असेल तर या खेळाला फारसा अर्थ नाही. पण मर्यादेच्या आसपासच्या माणसासाठी तारीख हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे.

माझ्या वेळी सवलतीची मर्यादा वेगळी होती, दुखणं हेच. मुख्य कार्यालयात या योजनेचं एक वेगळं टेबल होतं. त्यांच्या फॉर्मवर वेस्ट झालेल्या ऑप्शनची संख्या आधीच छापून यायची, आपण फक्त सही करायची. ‘अर्धे आता, अर्धे एप्रिलनंतर घेतले तर चालेल का?’ असं मी फोनवर विचारलं. ‘फॉर्ममध्ये तशी सोय नाही.’ मूळ योजनेची प्रत मागितली तर ती ‘अंतर्गत कागद’ निघाली. पुढे कधीतरी ती हाती आली, त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: पूर्ण किंवा अंशतः. छापील फॉर्म करणाऱ्याने आपलं टायपिंग वाचवलं आणि आम्ही कर भरत बसलो. त्या महिन्याच्या पगारपत्रकावर हातात आलेली रक्कम बघून बायकोने विचारलं होतं, ‘बोनस मिळाला म्हणालास ना?’ असो.

तेव्हा पत्रकात दोन गोष्टी ठळक हव्यातच. योजना परवानगी देत असेल तर ‘हवे तेवढेच एक्सरसाइज करता येतात’ हे वाक्य, आणि फॉर्मवर संख्येची जागा कोरी. आणि वर मांडला तसा हिशोब, तुमच्या खऱ्या किमतीने, दोन-तीन पगारांसाठी. नोकरी सोडणाऱ्यांची मुदत वेगळ्या चौकटीत द्या. ती योजनेत ठरलेली असते आणि बहुधा फारच थोडी, त्यामुळे राजीनामा देण्याआधीच माणसाला ती माहीत हवी. शिवाय तो कर शेवटच्या हिशोबातून कापला गेला तर हातात काय उरेल तेही दाखवा.

तुमची कंपनी स्टार्टअप म्हणून नोंदलेली असेल तर कोणीतरी सांगेल की कर पुढे ढकलता येतो. नुसत्या नोंदणीने ते होत नाही, करसवलतीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. अकाउंट्सला विचारून घ्या आणि नसेल तर पत्रकात त्याचा उल्लेखही नको.

माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: एक्सरसाइजसाठी पतपेढीतून कर्ज काढू नका असं तोंडी तरी सांगा. पुढे ३१० चा शेअर २०० ला विकावा लागला तर तो भांडवली तोटा धरतात, पण पगारात धरून भरलेला कर परत मिळत नाही. कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

आणि डिमॅट खाती आत्ताच उघडायला लावा. आपल्याकडे पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, हे घरोघरी आहे. ते दुरुस्त होईपर्यंत मुदत निघून जाते. केवायसीचा व्हिडिओ कॉल गावात रेंज नसल्याने तुटतो, म्हणून ऑफिसच्या वायफायवर एक दुपार ठेवा. फक्त गणपतीच्या आठवड्यात नको, कोणी हाताला लागणार नाही.