देणेकऱ्याकडून बाकीची पुष्टी आली नाही तर काय करावे?

देणेकऱ्याला दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. आता ऑडिट फाईलमध्ये काय दाखवू?

आधी पत्ता किंवा ईमेल स्वतंत्रपणे तपासा. तो फक्त कंपनीने दिलेला असेल, तर पत्र भलतीकडेच गेलं असू शकतं. मौन म्हणजे होकार नव्हे, म्हणून पर्यायी तपासणी करावीच लागते.

समजा वर्षअखेरची बाकी 8,40,000 आहे आणि नंतर 6,00,000 जमा झाले. एवढ्यावर थांबू नका. ती रक्कम कोणत्या बिलांची, हे बँक स्टेटमेंट आणि देणेकऱ्याच्या पेमेंट तपशिलावरून जुळवा. त्यातले 1,50,000 नव्या वर्षातल्या बिलाचे निघाले, तर जुन्या बाकीचा पुरावा 4,50,000 चाच. उरलेल्या 3,90,000 साठी ऑर्डर, बिल आणि माल मिळाल्याची ग्राहकाची सही असलेलं चलन बघा. माझ्या अनुभवात घोळ इथेच सापडतो: चलनावर कंपनीचाच शिक्का, ग्राहकाची सही नाही. असं 90,000 चं चलन निघालं, तर ती रक्कम अजून सिद्ध झालेली नाही.

बँकेलाही बाकीच्या पुष्टीसाठी पत्र पाठवलं आणि तिचं उत्तर नसेल, तर कंपनीने दिलेली स्टेटमेंटची पीडीएफ पुरत नाही. तुमच्यासमोर नेटबँकिंग उघडून घेतलेलं स्टेटमेंट बाकी दाखवतं, पण तारण आणि हमी त्यात दिसत नाहीत. त्यासाठी बँकेचा पाठपुरावा सोडू नका.