‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ म्हणजे पळस, पण या नावाचा अर्थ काय?

प्रश्न : झाडाच्या पाटीवर पळसाचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत असतं. ते का? आणि त्या दोन शब्दांचा अर्थ काय?

पहिला शब्द प्रजातीचा. ‘ब्युटिया’ हे नाव १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अर्ल ऑफ ब्यूट यांच्यावरून पडलं. त्यांना वनस्पतिशास्त्राचा मोठा नाद होता. दुसरा शब्द त्या प्रजातीतली नेमकी जाती सांगतो. ‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘स्पर्मा’ म्हणजे बी. पळसाची वाळकी चपटी शेंग हातात घेऊन पाहा, टोकाशी एकच बी लागेल. मात्र नुसतं ‘मोनोस्पर्मा’ म्हणून कुठलंच झाड ठरत नाही. एफेड्रा प्रजातीतही एक मोनोस्पर्मा आहे.

या एका बियेचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यांनी अठराव्या शतकात पळसाला नाव दिलं ते ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’. एरिथ्रिना म्हणजे आपल्या पांगाऱ्याची प्रजाती. ग्रीकमध्ये ‘एरिथ्रोस’ म्हणजे लाल. फुलं भडक, पानं त्रिदलीच, त्यामुळे पळस पांगाऱ्याच्या घरात गेला यात नवल नाही. पण पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात, म्हणून त्या घरात ‘एकबीजी’ हे विशेषण पळसाला अगदी चपखल बसत होतं. पुढे १८९४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ टाउबर्ट यांनी ते ब्युटियात आणलं. घर बदललं तरी आधीचं विशेषण सोबत येतं, असा नियम आहे. म्हणून पूर्ण नावात लामार्क कंसात आणि टाउबर्ट कंसाबाहेर दिसतात. जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत पळसाचं नाव ‘ब्युटिया फ्राँडोसा’ असतं. झाड तेच, पण ‘मोनोस्पर्मा’ हे विशेषण अधिक जुनं, म्हणून ते टिकलं.

आता तिरप्या अक्षरांबद्दल. नाव लॅटिन व्याकरणाने चालतं आणि भोवतीचा मजकूर दुसऱ्या भाषेतला असतो. वाचताना ते वेगळं उठून दिसावं, एवढाच हेतू. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ‘स्पेसिज प्लांटारम’ या ग्रंथातच जातीचं विशेषण समासात तिरप्या ठशात छापलेलं आहे. हेतू वेगळं दिसण्याचा आहे, म्हणूनच सगळा परिच्छेद तिरपा असेल तर नाव उलट सरळ ठशात घेतात. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारतात, कारण अधोरेखन ही मुद्रकाला ‘तिरपं छाप’ अशी खूण असते. नाव देणाऱ्या माणसांची नावं मात्र सरळच राहतात, ती झाडाच्या नावाचा भाग नव्हेत.

तिरपं छापणं हा रूढ संकेत आहे. ते चुकलं म्हणून नाव बाद होत नाही. रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं आणि विशेषण छोट्या अक्षरांत लिहायचं, हे मात्र पाळायलाच हवं. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत आणि तिरपा ठसा वाचायला जड जातो. म्हणून मराठी मजकुरात मी ही नावं एकेरी अवतरणात लिहितो.